माल संपण्याआधी किती दिवस मागवावा?
(एका औषध दुकानाच्या वहीवरून केलेला अभ्यास)



बँकेच्या कर्ज विभागात बसणाऱ्या माणसाच्या टेबलावरून दर महिन्याला अनेक दुकानांची स्टॉक स्टेटमेंटे जातात. कॅश क्रेडिटची उचल किती द्यायची हे त्यावरून ठरते, म्हणून ती नीट वाचावी लागतात. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात येते. दुकानात माल भरपूर असतो, पण जो गिऱ्हाईक मागतो तोच नेमका नसतो. जो कोणी मागत नाही तो सहा महिने तसाच पडून असतो. कर्जाची मर्यादा त्या पडून असलेल्या मालात अडकलेली असते आणि रोज खपणाऱ्या मालासाठी हातात पैसा उरत नाही.

आमच्या ओळखीतील एका तरुणाचे नाशिक रोडला जेल रोड भागात छोटे औषधाचे दुकान आहे. तो स्वस्त, जेनेरिक औषधे ठेवतो. त्याचा बराचसा माल मुंबईकडील एका डेपोतून ट्रान्सपोर्टने येतो. एके दिवशी तो स्टेटमेंट द्यायला आला आणि म्हणाला, "काका, माझ्याकडे कफ सिरप चार महिने पुरेल एवढे आहे, पण ब्लड प्रेशरच्या गोळ्या आठवड्यात दोनदा संपतात. पेन्शनवाली माणसं येतात आणि हात हलवत परत जातात." त्या गोळीची दहाची पट्टी म्हणजे एका माणसाचे दहा दिवस. ती मिळाली नाही तर काही जण दुसरीकडून महाग घेतात, पण काही जण चार दिवस गोळीच घेत नाहीत. म्हणून हा प्रश्न केवळ धंद्याचा नव्हता.

मी त्याला विचारले, "तू मागणी केव्हा पाठवतोस?" तो म्हणाला, "शेल्फ अर्धा रिकामा दिसला की."

या उत्तरातच सगळा घोटाळा होता. शेल्फ अर्धा रिकामा होणे याचा माल येण्याशी काही संबंध नाही. संबंध आहे तो दोन गोष्टींशी. पहिली, मागणी पाठवल्यापासून माल हाती येईपर्यंत किती दिवस लागतात. दुसरी, तेवढ्या दिवसांत किती माल खपतो. शिल्लक ज्या आकड्यावर आली की त्याच दिवशी मागणी पाठवायची, त्या आकड्याला व्यवहारात रीऑर्डर पॉइंट म्हणतात. आपण त्याला फेरमागणीची पातळी म्हणू. एका वेळी किती मागवावे याचे गणित अमेरिकेत १९१३ साली फोर्ड हॅरिस यांनी मांडले होते. पण 'किती' आणि 'केव्हा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'केव्हा'चा विचार आर. एच. विल्सन यांनी १९३४ साली मांडला. सदर लेखात आपण फक्त 'केव्हा' पाहणार आहोत.

आधी वही

गणित करण्याआधी त्या तरुणाला मी दोन रकाने लिहायला लावले. पहिल्या रकान्यात रोजचा खप आणि दुसऱ्यात प्रत्येक मागणीला लागलेले दिवस. खपाच्या रकान्यात एक पथ्य होते. गोळी संपलेली असताना कोणी मागितली तर तीही लिहायची. बहुतेक दुकानदार फक्त विक्री लिहितात. मग ज्या दिवशी माल नव्हता त्या दिवशी शून्य पडते आणि सरासरी खोटी, कमी येते. त्या कमी सरासरीवरून कमी मागवले जाते, माल पुन्हा संपतो आणि पुन्हा शून्य पडते. हे चक्र वहीतूनच सुरू होते.

दिवस मोजण्याचेही पथ्य होते. शिल्लक पातळीला आली ती रात्र हा पहिला ठोका आणि माल तपासून शेल्फवर लागला तो शेवटचा. ट्रान्सपोर्टने माल गोदामात उतरवला, पण पावती सोडवायला दोन दिवस लागले, तर तेही दिवस त्यातच धरायचे. गिऱ्हाइकाला शेल्फवरचीच गोळी मिळते, गोदामातली नव्हे.

सुमारे तीन महिन्यांनी आकडे असे निघाले. रोजचा सरासरी खप १२ पट्ट्या. बहुतेक दिवशी तो ८ ते १६ च्या दरम्यान असे, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा हेलकावा ४ पट्ट्यांचा. सांख्यिकीत याला प्रमाण विचलन म्हणतात. माल यायला दहा मागण्यांत लागलेले दिवस असे होते:

३, ४, ३, ५, ४, ३, ८, ४, ३, ३

बेरीज ४०, म्हणजे सरासरी ४ दिवस. आता या दिवसांचा हेलकावा काढू. प्रत्येक आकड्यातून ४ वजा करून वर्ग घ्यायचा. तीनच्या पाच मागण्यांचा प्रत्येकी १, पाचच्या मागणीचा १ आणि आठच्या मागणीचा ४ गुणिले ४, म्हणजे १६. चारच्या मागण्यांचा शून्य. एकूण २२. याला दहातून एक वजा करून, म्हणजे ९ ने भागले की २.४४ येतात. त्याचे वर्गमूळ १.५६ दिवस. बावीसपैकी सोळा एकट्या आठ दिवसांच्या मागणीने आणले, हे इथेच लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पातळी कशी काढावी

सगळे काही सरासरीप्रमाणे घडले तर चार दिवसांत ४ गुणिले १२, म्हणजे ४८ पट्ट्या खपतील. म्हणून ४८ शिल्लक असताना मागणी पाठवली की शेवटची पट्टी विकली जाईल आणि माल येईल. पण सरासरी म्हणजे मधला आकडा. साधारण निम्म्या वेळी खप त्याहून जास्त होणार किंवा माल उशिरा येणार. फक्त ४८ वर चालणारा दुकानदार दर दोन-तीन खेपांत एकदा तरी रिकामा बसेल. म्हणून ४८ च्या वर काही पट्ट्या राखून ठेवाव्या लागतात. त्याला सुरक्षित साठा म्हणावे.

हा साठा किती असावा? येथे दोन अनिश्चितता आहेत. एक गिऱ्हाइकाची आणि दुसरी माल पाठवणाऱ्याची. दोन्ही एकत्र करण्याची रीत अशी:

पहिला भाग: सरासरी दिवस गुणिले खपाच्या हेलकाव्याचा वर्ग. ४ गुणिले १६ = ६४.

दुसरा भाग: सरासरी खपाचा वर्ग गुणिले दिवसांच्या हेलकाव्याचा वर्ग. १४४ गुणिले २.४४ = ३५२.

दोहोंची बेरीज ४१६, आणि तिचे वर्गमूळ सुमारे २०.४ पट्ट्या. माल वाटेत असतानाच्या काळातील खपाचा हा एकूण हेलकावा.

आता किती खात्री हवी ते ठरवायचे. शंभरपैकी ९५ खेपांना माल संपू नये असे वाटत असेल तर या हेलकाव्याला १.६५ ने गुणतात. २०.४ गुणिले १.६५ = सुमारे ३४. म्हणून फेरमागणीची पातळी ४८ अधिक ३४ = ८२ पट्ट्या. शिल्लक ८२ वर आली की मागणी गेली पाहिजे, शेल्फ कितीही भरलेला दिसो.

खात्रीची किंमतही पाहून घ्यावी. नव्वद टक्क्यांसाठी गुणक १.२८ आहे, साठा सुमारे २६. नव्व्याण्णव टक्क्यांसाठी २.३३, साठा सुमारे ४८. नव्वदवरून पंच्याण्णववर जायला आठ पट्ट्या लागल्या आणि पुढच्या चार टक्क्यांना आणखी चौदा. शंभर टक्के खात्री कोणत्याच साठ्यात मिळत नाही.

दोष कोणाचा?

त्या तरुणाचा समज होता की गिऱ्हाईक लहरी आहे, कधी आठ पट्ट्या जातात तर कधी सोळा. आकडे वेगळेच सांगतात. ४१६ मधले ६४ गिऱ्हाइकाचे आहेत आणि ३५२ माल येण्याच्या अनियमिततेचे. माल दर वेळी बरोबर चौथ्या दिवशी आला असता, तर हेलकावा ६४ चे वर्गमूळ, म्हणजे ८ राहिला असता. साठा १४ पट्ट्यांत भागला असता आणि पातळी ६२ असती. त्याच्या शेल्फवरच्या वीस पट्ट्या केवळ डेपोच्या बेभरवशासाठी पडून आहेत.

म्हणून माल लवकर येण्यापेक्षा तो ठरल्या दिवशी येणे बहुधा जास्त मोलाचे असते. तीन दिवसांत देतो म्हणणारा, पण कधी आठ लावणारा पुरवठादार हा नेमाने पाच दिवस लावणाऱ्यापेक्षा महाग पडू शकतो. पाच दिवस नेमाने लागले तर खप ६०, हेलकावा ८० चे वर्गमूळ म्हणजे सुमारे ९, साठा १५ आणि पातळी ७५. आताच्या ८२ पेक्षा ती कमीच आहे.

सूत्र कोठे फसते

आता त्या आठ दिवसांच्या मागणीकडे वळू. त्या खेपेला ८ गुणिले १२ = ९६ पट्ट्या लागल्या असत्या आणि आपली पातळी ८२ आहे. म्हणजे चौदा पट्ट्या कमी पडल्या असत्या. दहापैकी एक खेप चुकली, म्हणजे नव्वद टक्के. सूत्र तर पंच्याण्णवचे सांगत होते!

कारण असे की १.६५ हा गुणक घंटेच्या आकाराच्या वाटणीवर बसवलेला आहे. त्या वाटणीत सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखेच आकडे पडतात. माल येण्याचे दिवस तसे पडत नाहीत. तीनच्या खाली ते सहसा जात नाहीत, पण वर आठ, दहा कितीही जाऊ शकतात. लवकर येण्याला मर्यादा आहे, उशिराला नाही. अशा एका बाजूला शेपूट असलेल्या आकड्यांवर सूत्राचा टक्का थोडा आशावादी ठरतो.

म्हणून सूत्राने आलेली पातळी वहीवर घासून पाहावी. मागच्या प्रत्येक खेपेत मागणी पाठवल्यापासून माल येईपर्यंत खरोखर किती मागितले गेले ते लिहावे आणि त्यातल्या किती खेपा पातळीच्या आत बसतात ते मोजावे. वीस-पंचवीस खेपांच्या नोंदी झाल्या की सूत्रापेक्षा या मोजणीवर जास्त विसंबावे. दहा नोंदी तशा थोड्याच आहेत. एक आठवड्याची खेप त्यात आली की नाही यावर सगळे गणित हलते.

पण घाबरून दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. काही ठिकाणी असे शिकवतात की जास्तीत जास्त खप आणि जास्तीत जास्त दिवस यांचा गुणाकार करा. येथे सर्वांत मोठा दिवस २० पट्ट्यांचा धरला तर २० गुणिले ८ = १६० होतात. पण सर्वांत उशिराची खेप आली आणि त्या आठही दिवशी सर्वांत जास्त खप झाला, असे जवळजवळ घडत नाही. एका औषधाला हे परवडेल. दोनशे औषधांना असे केले की कॅश क्रेडिटची मर्यादा संपते आणि मुदत संपलेल्या औषधांचा ढीग उरतो. असा मुदतबाह्य माल बँकही साठ्यात धरत नाही.

आणखी एक गोष्ट. 'नव्वद टक्के खेपा' याचा अर्थ दहातल्या एका गिऱ्हाइकाला परत पाठवणे असा नव्हे. दहा खेपांत, प्रत्येकी १२० पट्ट्या धरून, बाराशे पट्ट्या मागितल्या गेल्या आणि चौदा देता आल्या नाहीत. म्हणजे जवळजवळ ९९ टक्के मागणी पुरी झाली. खेपांचा टक्का आणि गिऱ्हाइकांचा टक्का हे दोन वेगळे आकडे आहेत. कोणी टक्का सांगितला तर तो कशाचा, हे विचारून घ्यावे.

गोळे कॉलनीचा उपाय

नाशिकमध्ये गोळे कॉलनी ही औषधांच्या घाऊक विक्रीची जागा आहे. त्याच गुणाची गोळी तेथून त्याच दिवशी मिळते, पण त्याला महाग पडते. आम्ही असा विचार केला: पाचव्या दिवशी रात्रीपर्यंत डेपोचा माल आला नाही, तर सकाळी गरजेपुरत्या पट्ट्या गोळे कॉलनीतून आणायच्या. म्हणजे आठ दिवसांची खेप आपल्यापुरती पाचच दिवसांची झाली. आकड्यांत आठच्या जागी पाच घातले की सरासरी ३.७ दिवस येते, हेलकाव्याचा वर्ग ०.६८ होतो आणि पातळी ८२ वरून सुमारे ६५ वर उतरते. सतरा पट्ट्या वाचल्या.

पण त्या वाचवाव्यात का? पट्टीची खरेदी सहा रुपये धरली तर सतरा पट्ट्यांत जेमतेम शंभर रुपये अडकतात. त्यासाठी गोळे कॉलनीला चकरा मारणे वेडेपणाचे. या गोळीसाठी ८२ च बरे, किंबहुना शंभर ठेवली तर आठ दिवसांचीही खेप निघते. तेच चारशे रुपयांचे इंजेक्शन असते तर सतरा नगांत सहा हजार आठशे रुपये अडकले असते, शिवाय फ्रिजमधली जागाही. तेथे तातडीच्या खरेदीचा उपाय योग्य. स्वस्त आणि जास्त खपाच्या वस्तूला साठा द्यावा, महाग वस्तूला जवळचा दुसरा विक्रेता शोधावा. त्या तरुणाने शेवटी या गोळीची पातळी १०० केली. पैसा काढला तो कफ सिरपमधून.

नेहमी होणाऱ्या दोन चुका

पहिली चूक त्याच्या दुकानात महिन्याभरातच झाली. शिल्लक १०० वर आली, त्याने मागणी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ बसला होता. त्याला ८८ दिसल्या. पातळीच्या खाली आहे म्हणून त्यानेही मागणी पाठवली. एका आठवड्यात २४० पट्ट्या येऊन पडल्या. पातळीशी तुलना करताना शेल्फवरची शिल्लक आणि वाटेत असलेला माल यांची बेरीज धरायची असते. मागणी गेली की त्या क्षणी वहीत १२० मिळवले पाहिजेत. आता त्याने वहीत 'वाटेत' असा तिसरा रकाना आखला आहे.

दुसरी चूक मागणीच्या वारांची. काही माल फक्त सोमवारी आणि गुरुवारीच मागवता येतो. गुरुवारी शिल्लक पातळीच्या थोडी वर असेल तर पुढची संधी चार दिवसांनी. हे चार दिवस माल येण्याच्या दिवसांत मिळवूनच पातळी काढावी. रोज मागणी पाठवता येणाऱ्याचे गणित अशा मालाला लावले की तो हमखास संपतो.

पातळी बरोबर आहे हे कसे ओळखावे

दर तीन महिन्यांनी सगळे गणित पुन्हा करायची गरज नाही. माल येतो त्या दिवशी, नवे खोके फोडण्यापूर्वी, शेल्फवर किती उरले ते लिहावे. पातळी १०० असेल आणि सरासरी खप ४८ असेल तर सरासरी ५२ च्या आसपास उरायला हव्यात. सतत सत्तर उरत असतील तर खप कमी झाला आहे किंवा माल लवकर येऊ लागला आहे, पातळी उतरवावी. लागोपाठ दोन-तीनदा दहाच्या आत उरल्या तर माल संपण्याची वाट न पाहता वही काढावी आणि खप वाढला की दिवस, ते पाहावे. दोहोंचे इलाज वेगळे आहेत.

खपातली जी वाढ आधीच माहीत असते तिला अनिश्चितता म्हणू नये. पेन्शन जमा झाली की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या गोळ्यांना गर्दी असते. आमच्या काउंटरवरची रांग आणि त्याच्या दुकानातली रांग ही एकाच माणसांची असते. त्या आठवड्यासाठी मागणी आधीच वाढवून ठेवावी. सुरक्षित साठा हा न कळणाऱ्या गोष्टींसाठी आहे.

आणि काही गोष्टी अशा असतात की त्या कोणत्याच साठ्यात बसत नाहीत. १ जानेवारी २०२४ रोजी अपघाताबाबतच्या नव्या कायद्यातील शिक्षेविरुद्ध वाहनचालकांनी संप केला. मनमाडजवळच्या पानेवाडीतील इंधन डेपोंवरचे टँकर उभे राहिले आणि नाशिकच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पंपवाल्यांचे रोजचे गणित चुकले होते असे नाही. टँकर थोडा उशिरा येईल हे त्या गणितात होते, सगळेच टँकर थांबतील हे नव्हते. त्यातच लोकांनी भीतीने टाक्या भरून घेतल्या, म्हणजे पुरवठा थांबला त्याच दिवशी मागणी वाढली. आपल्या सूत्रात या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरलेले असते. संपात, पुरात, साथीत त्या हातात हात घालून येतात. अशा प्रसंगासाठी सुरक्षित साठा दुप्पट करून वर्षभर पैसा अडकवण्यापेक्षा, संपाची नोटीस वाचली की त्याच दिवशी मागणी पाठवणे बरे.

त्या तरुणाच्या पुढच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये एकूण साठ्याची रक्कम थोडी कमीच होती. कफ सिरपच्या ओळीतला आकडा उतरला होता आणि ब्लड प्रेशरच्या गोळ्यांच्या ओळीत, वर्षात प्रथमच, महिनाअखेरीला शून्य नव्हते.